कळी तारखेला हवी

डिसेंबरचा पहिला पंधरवडा. लग्नाचे मुहूर्त असतात, गुलाबाला भावही बरा असतो. नेमक्या त्याच दिवसांत मावळातल्या पवनानगर, कामशेत, तळेगाव दाभाडे या पट्ट्यातल्या पॉलिहाऊसमध्ये मजूर कात्र्या घेऊन उतरतात आणि झाडांवरचे चांगले फुटवे छाटून टाकतात. काहींना तर कळी धरलेली असते. टोमॅटो किंवा वांगी करणाऱ्या माणसाला हे बघवणार नाही. भाव असताना कुणी उभं पीक कापतं का?

फूलवाला कापतो, कारण त्याचं लक्ष आजच्या भावावर नसतं. १४ फेब्रुवारीला युरोपातल्या, दिल्लीतल्या किंवा हैदराबादेतल्या एखाद्या दुकानात जो लाल गुलाब विकला जाणार आहे, तो झाडावर कधी तयार व्हायला हवा, याचा हिशेब त्याने उलटा मांडलेला असतो. त्या हिशेबात छाटणीचा दिवस डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो. छाटणीला मावळात सगळे ‘कट बॅक’ म्हणतात.

फ्लोरिकल्चरच्या विद्यार्थ्यांना लागवड, खतं, रोग, किडी हे सगळं व्यवस्थित शिकवलं जातं. ते लागतंच. पण भाजीपाल्याची सवय असलेला हुशार शेतकरी गुलाबात उतरतो आणि दोन-तीन वर्षांत पॉलिहाऊसमध्ये ढोबळी मिरची लावून मोकळा होतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याचा गुलाब वाईट आलेला नसतो. चांगला गुलाब चुकीच्या दिवशी आलेला असतो, किंवा योग्य दिवशी आलेला गुलाब खरेदीदाराच्या दारात पोचेपर्यंत मान टाकून बसलेला असतो.

म्हणून एकाच बहराचा हिशेब सावकाश करू. समजा, तुमच्याकडे २० गुंठ्यांचं पॉलिहाऊस आहे, म्हणजे साधारण २००० चौरस मीटर. तांबडी माती, शेणखत आणि भाताचं तूस मिसळून गादीवाफे केलेत. लाल रंगाची, ‘टॉप सिक्रेट’सारखी डच गुलाबाची जात लावली आहे. चौरस मीटरला सात झाडं धरली तर १४,००० झाडं झाली.

आता १४ फेब्रुवारीपासून मागे या. युरोपातल्या ग्राहकाला त्या दिवशी फूल हवं, म्हणजे दुकानदाराला दोन-चार दिवस आधी, तिथल्या घाऊक व्यापाऱ्याला त्याच्याही आधी. विमान, तिथली तपासणी, लिलाव किंवा थेट पुरवठा असे सगळे दिवस वजा केले की मावळातून निर्यातीचा माल निघायचा काळ साधारण जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा उरतो. देशातल्या बाजारांची गर्दी त्यानंतर सुरू होते आणि ११-१२ तारखेपर्यंत चालते. तेरा तारखेला तोडलेला गुलाब दादरच्या नाहीतर पुण्याच्या मार्केट यार्डच्या फूलबाजारात जेमतेम खपेल, दिल्लीपर्यंत त्याची वेळ निघून गेलेली असेल.

आणखी मागे या. फांदी छाटल्यापासून तिच्या खालच्या डोळ्यातून नवा फुटवा येऊन त्यावर तोडणीयोग्य कळी यायला मावळच्या थंडीत ५० दिवसांच्या आसपास लागतात. उन्हाळ्यात हाच काळ ४०-४२ दिवसांवर येतो. १२ डिसेंबरला छाटलं तर ३१ जानेवारीला तोडणी. १८ डिसेंबरला छाटलं तर ६ फेब्रुवारी, म्हणजे तो माल देशी बाजाराचा.

कागदावर हे सोपं दिसतं. अडचण अशी की ५० हा आकडा हवेच्या हाती आहे. महाराष्ट्रातली बहुतेक पॉलिहाऊस नैसर्गिक हवा खेळणारी आहेत, त्यात उष्णतेची सोय नसते. गुलाबाला रात्री १५ ते १८ अंश बरे वाटतात. जानेवारीत थंडीची लाट येऊन पारा १० अंशांच्या आसपास गेला की कळी जागच्या जागी थांबते आणि ५० दिवसांचे ५६-५७ होतात. उलट डिसेंबरअखेर ढग येऊन रात्री उबदार राहिल्या तर माल आठवडाभर आधीच तोडणीला येतो. म्हणून सगळी १४,००० झाडं एका दिवसात छाटत नाहीत. तीन-चार टप्पे करून, दोन-तीन दिवसांच्या अंतराने छाटतात. एखादा टप्पा चुकला तरी बाकीचे खिडकीत बसतात. हा काळ बागेत ‘विंडो’ याच नावाने ओळखला जातो.

चुकतंय हे कळायला तोडणीपर्यंत थांबावं लागत नाही. छाटल्यावर साधारण आठ-दहा दिवसांत डोळे फुगून लालसर कोंब बाहेर यायला हवेत. पुढे फुटव्याच्या टोकाला वाटाण्याएवढी कळी दिसते, ती फार महत्त्वाची खूण. तिथून तोडणीपर्यंत थंडीत अंदाजे तीन आठवडे धरतात. १२ डिसेंबरच्या टप्प्यात १० जानेवारीच्या आसपास बहुतेक फुटव्यांवर ही कळी दिसत असेल तर निश्चिंत राहा. १५ तारीख उलटली तरी दिसत नसेल, तर त्या टप्प्याचा माल निर्यातीऐवजी देशी बाजारात जाणार हे गृहीत धरून त्याच दिवशी व्यापाऱ्याला फोन करायचा. हातात उपायही थोडेफार असतात. दुपारी चारच्या सुमारास बाजूचे पडदे खाली घेऊन दिवसाची ऊब आत कोंडली तर दोन-तीन दिवस कमावता येतात. मात्र सकाळी पडदे वेळेवर उघडले नाहीत तर आतल्या दमटपणाने डाऊनी आणि बोट्रायटिस येतात. बोट्रायटिसचा त्रास असा की पॅकिंगच्या वेळी कळी स्वच्छ दिसते आणि दोन दिवसांनी समोरच्याने खोका उघडला की पाकळ्यांवर तपकिरी ठिपके असतात. कमावलेले दोन दिवस असे सव्याज परत जातात.

आता पैशाकडे येऊ. भाव दर वर्षी बदलतात, म्हणून पुढचे आकडे फक्त हिशेबासाठी धरलेले आहेत. एका बहरात झाडामागे दोन दांडे मिळाले तर २८,००० दांडे होतात. त्यातले ६० टक्के, म्हणजे १६,८०० निर्यातीच्या प्रतीचे निघून १२ रुपयांनी गेले, तर २,०१,६०० रुपये. ३० टक्के, म्हणजे ८,४०० देशी बाजारात ६ रुपयांनी गेले, ५०,४०० रुपये. उरलेले १० टक्के वाकडे, आखूड, डागी म्हणून फेकले. एकूण २,५२,००० रुपये, दांड्यामागे सरासरी नऊ.

हाच बहर थंडीने आठ-दहा दिवस लांबून १५ फेब्रुवारीच्या पुढे आला असं समजा. फूल तेच, दांड्याची लांबी तीच. थंडीतल्या संथ वाढीने कळी कदाचित जास्तच मोठी. पण निर्यात बंद झालेली, देशी बाजार व्हॅलेंटाइनच्या उरलेल्या मालाने भरलेला. भाव तीन रुपये. विकण्याजोगे २५,२०० दांडे गुणिले तीन, म्हणजे ७५,६०० रुपये. खत, औषध, मजुरी, वीज, कर्जाचा हप्ता यांतलं काहीच कमी झालेलं नाही.

शेजारी नारायणगावच्या टोमॅटोचं बघा. तिथेही भाव कोसळतो, शेतकरी रस्त्याकडेला क्रेट ओततो, ती चित्रं आपल्याला नवीन नाहीत. जुलै २०२३मध्ये त्याच नारायणगावात २० किलोच्या क्रेटने दोन हजार रुपयांची पायरी ओलांडली होती. चढ-उतार दोन्हीकडे आहे, पण त्याची जात वेगळी. टोमॅटोचा भाव मुख्यतः त्या दिवशी बाजारात किती गाड्या आल्या यावर ठरतो, कारण घेणारा रोजचाच आहे. तो आज खातो, उद्याही खाणार आहे. भाव उतरला की तो जास्त घेतो, हॉटेलवाला जास्त भरतो, सॉस करणारा कारखाना उचलतो. फुलाचं तसं नाही. गुलाब स्वस्त झाला म्हणून कुणी आठवड्यात दुसऱ्यांदा लग्न करत नाही. मागणी एका तारखेला येते आणि त्या तारखेबरोबर जाते.

२४ मार्च २०२०च्या मध्यरात्रीनंतर टाळेबंदी सुरू झाली तेव्हा हा फरक अगदी उघडा पडला. भाजीपाला जीवनावश्यक, त्याच्या गाड्यांना परवानगी होती. अडचणी असंख्य आल्या, पण भाजी खपत राहिली. फुलांना त्या यादीत जागा नव्हती, आणि असती तरी उपयोग काय? देवळं बंद, लग्नं बंद, हॉटेलं बंद. ऐन लग्नसराईच्या तोंडावर जरबेरा आणि गुलाब पॉलिहाऊसमधून निघाले ते थेट उकिरड्यावर. त्यातही एक गोष्ट बाहेरच्यांच्या फारशी लक्षात आली नाही. विक्री शून्य असतानाही तोडणी थांबवता येत नव्हती. फूल झाडावर राहून उमललं, गळलं, तर त्यावर रोग वाढतो आणि नवे फुटवे कमजोर येतात. म्हणून मजुरी देऊन फुलं तोडायची आणि फेकायची. टोमॅटोवाल्याने नांगर फिरवला की तोटा तिथे थांबतो, चार महिन्यांनी दुसरं पीक उभं राहतं. गुलाबाचं झाड पाच-सहा वर्षांसाठी लावलेलं असतं.

या पाच-सहा वर्षांमुळे लागवडीच्या वेळचा रंगाचा निर्णय फार जड होतो. फेब्रुवारीसाठी लाल हवाच. पण उरलेल्या अकरा महिन्यांत गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः लग्नाचे आणि कार्यक्रमांचे डेकोरेटर, आणि त्यांना पांढरा, पिवळा, फिका गुलाबीही लागतो. २० गुंठ्यांत पाच रंग लावले तर कुठल्याच रंगाचा खोकाभर माल एका दिवशी निघत नाही, आणि खोका भरला नाही तर व्यापारी विचारत नाही. माझ्या मते लहान पॉलिहाऊसवाल्याने एकाच, फार तर दोन रंगांवर थांबावं आणि बाकीच्या रंगांसाठी शेजाऱ्याशी जमवून घ्यावं. मावळात पॉलिहाऊस एकमेकांना लागून आहेत, मुंबईचा विमानतळ काही तासांवर आहे, म्हणून हे जमतं. एखाद्या आडबाजूच्या तालुक्यात एकट्याने डच गुलाब लावणाऱ्याला हा आधार नसतो. त्याने पाणी, माती, अनुदान यांच्या आधी आपला अर्धा खोका कोणाच्या गाडीतून जाणार हे विचारायला हवं.

आता तोडणी. फुलाच्या बाजाराची अर्धी परीक्षा इथे होते. भाजीत काढणीच्या अवस्थेला थोडी सवलत असते. ढोबळी मिरची हिरवी काढा, नाहीतर झाडावर आणखी ठेवून रंगाची काढा. टोमॅटो दूरच्या बाजारासाठी कच्चा, जवळच्यासाठी लाल. दोन दिवस इकडे-तिकडे झाले तरी चालतं. गुलाबाच्या कळीला ही मुभा नाही. बाहेरची हिरवी संदलं मागे वळलेली आणि बाहेरच्या एक-दोन पाकळ्या जेमतेम सैल झालेल्या, ही लांबच्या बाजाराची अवस्था. स्थानिक बाजाराला थोडी जास्त उमललेली चालते. सकाळी सोडून दिलेली कळी दुपारच्या उन्हात पुढे निघून जाते, म्हणून दिवसातून दोनदा तोडणी असते. दिवाळीचा पाडवा असो की घरचं कार्य, कात्री घेऊन आत जावंच लागतं.

उमलू नये या भीतीने कळी फारच मिटलेली तोडली, तर वेगळंच संकट उभं राहतं. गिऱ्हाइकाच्या फुलदाणीत ती उमलतच नाही, कळीच्या खालची मान वाकते आणि डोकं खाली लोंबतं. याला ‘मान टाकणं’ म्हणतात आणि खरेदीदार तोडायला हे एक कारण पुरतं. कारणं दोन असतात. एक, कोवळ्या दांड्याची मान अजून पक्की झालेली नसते. दुसरं, पाणी वर चढत नाही. दांडा कापल्या क्षणी तो कापलेल्या टोकातून हवा ओढतो, आणि पाणी नेणाऱ्या बारीक नळ्यांत हवेचा बुडबुडा अडकतो. बादलीतलं पाणी घाण असेल तर जिवाणू वाढून त्याच नळ्या बुजवतात. मग दांडा पाण्यात उभा असूनही फूल तहानेने मरतं.

म्हणून चांगल्या पॉलिहाऊसमध्ये बादली मजुराच्या सोबत फिरते. तोडलेला दांडा मिनिटभरही कोरडा राहू द्यायचा नाही. बादली रोज घासायची, पाण्यात जंतुनाशक घालायचं, सायट्रिक आम्ल घालून पाणी किंचित आंबट ठेवायचं, कारण आंबट पाणी दांड्यात सहज चढतं आणि त्यात जिवाणूही कमी वाढतात. तिथून माल सरळ शीतगृहात, दोन ते चार अंशांना. काही तास पाणी पिऊन कळी टणक झाली की मगच प्रतवारी. नव्या पॉलिहाऊसवाल्याला यातली बादली सर्वांत क्षुल्लक वाटते. मला कुठल्याही बागेत गेल्यावर आधी बादल्यांच्या आतल्या कडेवर बोट फिरवावंसं वाटतं. बुळबुळीत लागली तर पुढचं सगळं ऐकण्यात फारसा अर्थ नसतो.

शीतगृहाचाही एक मुद्दा भाजीवाल्यांनी लक्षात ठेवावा. टोमॅटोला १० अंशांखाली ठेवलं तर त्याला थंडी बाधते, पुढे तो नीट पिकत नाही. गुलाबाला दोन ते चार अंशच हवेत. एकाच खोलीत दोन्ही ठेवू म्हटलं तर एकाचं नुकसान ठरलेलं. शिवाय पिकणारा टोमॅटो, केळी, सफरचंद यांतून इथिलीन नावाचा वायू निघतो. फळ पिकवणारा हाच वायू फुलाला म्हातारं करतो. गुलाबाच्या पाकळ्या वेळेआधी गळतात, आणि कार्नेशन तर या वायूला इतकं हळवं की त्याच्या पाकळ्या आत वळून फूल मिटल्यासारखं होतं, पुन्हा उघडत नाही. गाव तेच, गाडी तीच, पण टोमॅटोच्या क्रेटशेजारी फुलांचे खोके ठेवून पाठवू नयेत. माल पोचेपर्यंत काही दिसत नाही, तक्रार दोन दिवसांनी येते आणि तोवर कारण कुणाला आठवत नाही.

प्रतवारीत तर दोन्ही धंद्यांच्या वाटा पूर्ण वेगळ्या होतात. भाजी वजनावर जाते. वेडावाकडा टोमॅटो चिरला की बरोबरीचाच, फार तर दोन रुपये कमी. क्रेटमध्ये वर मोठे आणि खाली बारीक रचण्याची कला आपल्याकडे पुरातन आहे, घेणाराही ती गृहीत धरूनच भाव सांगतो. झेंडू, शेवंती, सुटा गुलाब हीसुद्धा किलोवर विकली जाणारी फुलं, त्यांचा व्यवहार भाजीला जवळचा. पण दांड्याच्या फुलाला वजन नाही. तिथे मोजतात सेंटिमीटर. ४०, ५०, ६०, ७० अशा दहा-दहाच्या पायऱ्या, आणि वीस दांड्यांची एक जुडी. जुडीत कळ्यांची डोकी एका पातळीत, दांडे सरळ, पानं स्वच्छ. वीसमधला एक दांडा ४२ सेंटिमीटरचा निघाला तर ती जुडी ५०ची राहत नाही, सगळीच्या सगळी ४०मध्ये उतरते. एका आखूड दांड्याने एकोणीस लांब दांड्यांचा भाव खाल्ला. म्हणून प्रतवारीच्या टेबलावर सर्वांत अनुभवी बाईला बसवतात आणि तिला घाई करत नाहीत.

निर्यातीला आणखी एक चाळणी असते. खोक्यात एक जिवंत फुलकिडा, म्हणजे थ्रिप्स, सापडला तरी परदेशातल्या तपासणीत अख्खी खेप अडकू शकते. फुलकिडे पाकळ्यांच्या घडीत लपतात, वरून दिसत नाहीत. पांढऱ्या कागदावर कळी उलटी धरून दोन टिचक्या मारल्या की बारीक पिवळसर-तपकिरी रेघा हलताना दिसतात. ही तपासणी पॅकिंगच्या टेबलावर करून भागत नाही, तिला उशीर झालेला असतो. कळी वाटाण्याएवढी असल्यापासून आठवड्याला दोनदा करावी लागते. वांग्यावर दोन-चार फुलकिडे असले तर वांगं विकलं जातं, त्यामुळे भाजीतून आलेल्या माणसाला ही शिस्त सुरुवातीला अतिरेकी वाटते.

विक्रीची पद्धतही उलटी. भाजीवाला माल तोडतो, गाडी भरतो, पहाटे बाजारात जातो आणि तिथे भाव कळतो. बाजार समिती, आडत्या, लिलाव, पट्टी, हा क्रम त्याच्या अंगवळणी पडलेला असतो. दांड्याच्या फुलात फोन आधी आणि कात्री नंतर. दिल्लीच्या गाझीपूरला किंवा हैदराबादला बसलेला व्यापारी रात्री सांगतो, उद्या ५०चे इतके खोके, ६०चे इतके. त्याने माल डोळ्यांनी पाहिलेला नसतो. त्याच्यापुढे असतो तुमचा आधीचा माल. वरच्या जुड्या बऱ्या आणि मधल्या बारीक अशी चलाखी एकदा केली तर तो भांडत बसत नाही. पट्टी कमी पाठवतो आणि पुढच्या गर्दीत तुमचा फोन उचलत नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांकडेच माल असतो, तेव्हा कुणाचा खोका घ्यायचा हे त्याने जुलै-ऑगस्टमध्ये आलेल्या मालावरून ठरवलेलं असतं. पावसाळ्यात भाव पडलेला, डाऊनीने पानं गळतात, प्रतवारीचा कंटाळा येतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत तुमचं नाव बनत किंवा बिघडत असतं.

लिलावाची एक गंमत मात्र सांगायलाच हवी. फुलांचा लिलाव म्हटलं की नेदरलँड्समधल्या आल्समीरचं घड्याळ आठवतं. काटा वरच्या भावापासून खाली येत जातो, ज्याने पहिल्यांदा बटण दाबलं त्याचा माल. वाट पाहिली तर स्वस्त मिळेल, पण फार वाट पाहिली तर दुसरा घेऊन जाईल. ही पद्धत फुलांची ओळख झाली असली तरी ती जन्मली भाजीत. १८८७मध्ये ब्रूक ऑप लाँगेडाइक या डच गावात भाजीच्या होड्यांवर उतरत्या भावाचा लिलाव सुरू झाला. फुलांनी ती नंतर उचलली आणि त्यांना ती जास्त मानवली. नाशवंत मालाचा सौदा काही सेकंदांत उरकतो, आणि प्रतवारी इतकी काटेकोर की माल हाताळून बघायची गरजच पडत नाही. आपल्याकडे बंगळूरला असा इलेक्ट्रॉनिक लिलाव चालतो. महाराष्ट्रातला बराचसा माल मात्र अजून आडत्याच्या आणि फोनच्या भरवशावरच जातो, आणि चांगल्या प्रतवारीचं मोल त्यात पुरतेपणी वसूल होत नाही. या धंद्याचं हे खरं दुखणं आहे. सेंटिमीटर मोजायची मेहनत शेतकऱ्याने करायची आणि भाव मात्र सरसकट जुडीचा लागायचा, हे टोमॅटोच्या बाजाराचे संस्कार फुलाला लावल्यासारखं आहे.

१५ फेब्रुवारीला काय होतं? झाडं दमलेली असतात. एकाच वेळी सगळे फुटवे काढून घेतल्याने पानं कमी राहतात. बुडातून आलेले नवे फुटवे जोमदार ठेवून बारीक, बिनकामाच्या काड्या खाली वाकवतात, त्यांवरची पानं झाडासाठी अन्न तयार करत राहतात. हे ‘बेंडिंग’ नीट केलं नाही तर एप्रिलमध्ये दांडे आखूड आणि कळ्या बारीक येतात. पुढचा हिशेब पंचांगावर चालतो. लग्नतिथी कुठे दाट आहेत, पितृपक्ष कधी, गणपती कधी, हे बघून पुन्हा दिवस मागे मोजायचे. २०२६चंच घ्या. त्या वर्षी १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. एरवी मे महिना म्हणजे लग्नांची झुंबड, पण अधिक महिन्यात लग्नं होत नाहीत. उन्हाळ्यात फुटव्याला ४०-४२ दिवस लागतात, म्हणजे १७ मेच्या पुढे तोडणीला येणारा फुटवा साधारण ५ एप्रिलनंतर सुटतो. कॅलेंडर पाहून बसलेला शेतकरी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचे फुटवे मेच्या पूर्वार्धातल्या मुहूर्तांसाठी राखतो आणि त्यानंतर येणाऱ्यांपैकी बरेच कळी धरायच्या आत वाकवून टाकतो, म्हणजे तोट्याच्या महिन्यात फुलं कमी आणि झाडावर पानं जास्त.